विश्लेषण : मागितले 6205, आले 6206... सुट्या भागांच्या वेबसाइटवरचा ‘सर्च’ नेमका कुठे चुकतो?

कोल्हापूर जिल्ह्यात नदीकाठच्या उसाला पाणी देणारे पंप आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आहेत, इचलकरंजीचे माग आहेत आणि हंगामात रात्रंदिवस चालणारे साखर कारखाने आहेत. या सगळ्यांना सुटे भाग लागतात, आणि ते बहुतेक वेळा मशिन बंद पडल्यावरच लागतात. आजवर ही गरज शिवाजी उद्यमनगर, शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या काउंटरवर भागत होती. आता दुकानदार आपली यादी मोबाइलवर आणत आहेत. यादी चढवणे सोपे आहे. ग्राहकाला त्यातून नेमका नग सापडणे अवघड आहे. कपडे किंवा चपलांच्या वेबसाइटवर चालणारा सर्च सुट्या भागांसाठी जसाच्या तसा का वापरता येत नाही, त्यातल्या सूचना आणि फिल्टर कसे बांधावे लागतात, हे एका बेअरिंगच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

काउंटरवरचा जुना माणूस काय करतो?

मिस्त्री काउंटरवर येतो आणि म्हणतो, “मालक, बासष्ट-पाच द्या की एक.” काउंटरवरचा माणूस लगेच उठत नाही. तो विचारतो, “कशाला बसवायचंय? पत्र्याचं का रबराचं?” मिस्त्री सांगतो, “मोटरीला. रबराचं द्या.” मग पुढचा प्रश्न येतो, “सी-थ्री होतं का जुनं?” तीन प्रश्नांत चाळीस हजार नगांमधून एक नग उरतो.

या संवादात वेबसाइटचा सगळा सर्च सामावला आहे. ‘बासष्ट-पाच’ म्हणजे 6205 हे ओळखणे हा शोध झाला. अर्धवट बोलणे ऐकून ‘हे म्हणायचंय का?’ असे पुढे करणे ही सूचना. ‘पत्र्याचं का रबराचं?’ हा फिल्टर. काउंटरवरच्या माणसाची आणखी एक सवय महत्त्वाची आहे. ग्राहक शब्द कसाही बोलला, तरी तो समजून घेतो. क्रमांकाच्या बाबतीत मात्र तो अंदाज करत नाही, पुन्हा विचारतो. अनेक वेबसाइटवर नेमके याच्या उलट घडते. शब्द थोडा वेगळा लिहिला की ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते आणि क्रमांक चुकला की संगणक बिनधास्त दुसराच नग दाखवतो.

क्रमांकात एका अंकाचा फरक एवढा महाग का?

बेअरिंगचे क्रमांक मनाला येईल तसे ठेवलेले नसतात. 6205 मध्ये 62 ही मालिका आहे आणि शेवटचे 05 हे आतल्या भोकाचे माप सांगतात. 05 ला पाचने गुणले की २५ मिलिमीटर. हा हिशेब 04 पासून पुढे चालतो. 00, 01, 02 आणि 03 साठी मापे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटर अशी ठरलेली आहेत. 6205 चे आतले माप २५, बाहेरचे ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर असते. 6206 चे तेच आकडे ३०, ६२ आणि १६ आहेत. म्हणजे २५ च्या शाफ्टवर 6206 घातले तर ते सैल फिरेल.

त्याहून फसवे उदाहरण 6305 चे आहे. त्याचेही भोक २५ मिलिमीटरच असते, त्यामुळे ते शाफ्टवर नीट बसते. पण बाहेरचे माप ६२ असल्याने ते ५२ च्या घरात जात नाही. पार्सल गावात पोहोचते, मोटर उघडून ठेवलेली असते, मिस्त्री आलेला असतो आणि मग चूक कळते. नग परत पाठवणे आणि पुन्हा मागवणे यात दोन-तीन दिवस जातात. शे-दोनशे रुपयांच्या नगासाठी मिस्त्रीची मजुरी दोनदा द्यावी लागते आणि पाण्याची पाळी हुकते ती वेगळीच.

मग संगणक चुकीचा नग का दाखवतो?

सर्चच्या तयार यंत्रणांमध्ये टायपिंगची चूक सांभाळून घेण्याची सोय असते. त्यामागचे गणित व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडले. एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, तेवढे त्या दोन शब्दांमधले ‘अंतर’. bering वरून bearing वर जायला एक अक्षर घालावे लागते, म्हणून अंतर एक. मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एलास्टिकसर्च या यंत्रणेत AUTO अशी सेटिंग आहे. त्यात एक-दोन अक्षरांच्या शब्दाला चूक माफ नसते, तीन ते पाच अक्षरांच्या शब्दात एक चूक चालते आणि त्याहून लांब शब्दात दोन.

शब्दांसाठी हा नियम उत्तम आहे. पण 6205 ही चार अक्षरे आहेत, म्हणजे एक चूक माफ. त्यामुळे 6206, 6204, 6305 आणि 6005 हे सगळे संगणकाच्या लेखी ‘जवळपास तेच’ ठरतात. 6205ZZ असे लिहिले तर अक्षरे सहा होतात आणि दोन चुका माफ होतात. मग 6306ZZ सुद्धा यादीत येऊ शकते. 6205ZZ दुकानात शिल्लक नसेल, तर ग्राहकाला सर्वांत वर 6206ZZ दिसते. चित्र सारखेच, किंमतही आसपास. घाईतला माणूस ‘खरेदी करा’ दाबून मोकळा होतो.

म्हणून पहिला नियम असा, की ज्या तुकड्यात अंक आहे त्याला चूक-माफी बंद ठेवायची. फक्त अक्षरे असलेल्या तुकड्यालाच ती द्यायची. 6205 नसेल तर ‘6205 सध्या नाही’ असे स्पष्ट सांगायचे. कोणी खरोखरच 2605 असे उलटे टाइप केले असेल, तर ‘तुम्हाला 6205 म्हणायचे होते का? (२५×५२×१५)’ असा प्रश्न मापासह विचारायचा. बदल ग्राहकाच्या बोटाने व्हावा, संगणकाने परस्पर करू नये.

एकच क्रमांक दहा तऱ्हांनी लिहिला जातो, त्याचे काय?

चूक-माफी बंद केली म्हणजे टाइप करण्याची पद्धतही एकच हवी, असे नाही. एक जण 6205-2RS लिहितो, दुसरा मध्ये जागा सोडतो, तिसऱ्याच्या फोनचा कीबोर्ड मराठीत असल्याने अंक ६२०५ असे येतात. हे वेगळे क्रमांक नाहीत. एकाच क्रमांकाची ती वेगवेगळी रूपे आहेत. म्हणून प्रत्येक नगासाठी दोन नोंदी ठेवतात. एक दाखवायची, कंपनीने छापली तशी. दुसरी फक्त जुळवण्यासाठी, सगळे एका साच्यात घातलेली. ग्राहकाने टाइप केलेलेही त्याच साच्यातून काढले की दोन्ही बाजू जुळतात.

```
6205-2RS   →  62052RS
6205 2rs   →  62052RS
६२०५ 2RS   →  62052RS
```

साचा करताना मराठी अंक इंग्रजी अंकांत बदलतात, सगळी अक्षरे मोठी करतात आणि जागा व आडव्या रेघा काढतात. इथे एक खड्डा आहे. उत्साहाच्या भरात सगळीच चिन्हे काढली, तर अर्धा इंची बोल्ट 1/2 चा 12 होतो आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टांच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून दोन अंकांमधली तिरकी रेघ आणि दशांश चिन्ह यांना हात लावायचा नाही.

मापांचेही तसेच आहे. ऑइल सील 25x47x7 असे लिहिले जाते. कोणी x च्या जागी फुली लिहितो, कोणी तारा, कोणी नुसती जागा सोडतो. यातली चिन्हे काढून अंक चिकटवले तर 25477 उरते आणि त्यातून मूळ तीन मापे वेगळी करता येत नाहीत. असे तीन आकडे दिसले की ते आधी ओळखून आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी अशा तीन वेगळ्या रकान्यांत शोधायचे. क्रमांक चिकटवायचे आणि मापे सुटी करायची, हा क्रम पाळला की निम्मे घोटाळे टळतात.

शेवटच्या अक्षरांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. दोन्ही बाजूंना रबराचे सील असलेल्या 6205 ला एसकेएफ 2RSH म्हणते, एनएसके DDU म्हणते आणि एनटीएन LLU म्हणते. पत्र्याच्या झाकणाला एसकेएफ 2Z लिहिते, इतर अनेक कंपन्या ZZ. ग्राहकाने 6205 DDU मागितले आणि दुकानात एसकेएफचे आहे, तर ते दाखवायला हवे, पण ‘हेच’ म्हणून नाही, ‘दुसऱ्या कंपनीचे, त्याच मापाचे, रबर सील’ असे सांगून. त्यासाठी ‘झाकण : दोन्ही बाजूंना रबर’ हा गुण वेगळ्या रकान्यात भरावा लागतो. नुसत्या अक्षरांवरून संगणकाला तो कळत नाही.

C3 ही खूण मात्र कधीच गाळायची नसते. छर्रे आणि कड्या यांच्यामध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त फट ठेवली आहे, असा तिचा अर्थ. मोटर तापली की आतली कडी फुगते आणि ही फट कामी येते. C3 च्या जागी साधे बेअरिंग बसवले तर ते बसते, फिरते, मापात कुठे खोट निघत नाही, पण गरम होऊन आवळू शकते आणि लवकर जाऊ शकते. अशी चूक परत आलेल्या पार्सलातही दिसत नाही. ती काही महिन्यांनी ‘तुमचा माल टिकत नाही’ या तक्रारीतून कळते.

शब्दांच्या बाबतीत सढळ हात का हवा?

कारण इथे एकच वस्तू अनेक नावांनी वावरते. बेअरिंग, बेरिंग, बेरींग, bearing, bering या सगळ्यांतून ग्राहकाला एकच गोष्ट हवी असते. मराठीत टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक होतो, ‘पंप’ कोणी ‘पम्प’ लिहितो, आणि काही कीबोर्ड जोडाक्षरात डोळ्यांना न दिसणारी खूण घालतात. माणसाला शब्द सारखाच दिसतो, संगणकाला तो वेगळा वाटतो. म्हणून शब्द जुळवण्याआधी अदृश्य खुणा काढाव्या लागतात, पहिली-दुसरी वेलांटी आणि पहिला-दुसरा उकार एक मानावे लागतात, आणि अनुस्वार व जोडाक्षरातले ‘म’-‘न’ एका रूपात आणावे लागतात. हे फक्त जुळवण्यापुरते असते. पडद्यावर शब्द शुद्धच दिसतो.

त्यापुढे समान शब्दांची यादी लागते. ती शब्दकोशातून मिळत नाही, काउंटरवरच्या बोलण्यातून आणि लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेल्या शब्दांतून तयार होते. ‘पट्टा’ म्हणजे व्ही-बेल्ट, हे तिथे कळते. पण यादी करताना दिशा पाहावी लागते. ‘पट्टा’ शोधणाऱ्याला व्ही-बेल्टही दाखवावा आणि सपाट पट्टाही. उलट ज्याने ‘व्ही-बेल्ट’ असे नेमके लिहिले, त्याला सपाट पट्टा दाखवून उपयोग नाही. ‘सील’ या शब्दाचेही तसेच. ऑइल सील आणि पंपाचे मेकॅनिकल सील या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अशा वेळी यंत्रणेने स्वतः निर्णय न घेता दोन्ही विभाग पुढे ठेवावेत.

टाइप करताना खाली येणाऱ्या सूचना कशा असाव्यात?

मोबाइलवर कीबोर्ड उघडला की जवळपास अर्धा पडदा झाकला जातो. त्यामुळे सूचनांना पाच-सहा ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. या ओळींमध्ये ग्राहकाला निवड करता आली पाहिजे. ‘6205’ एवढेच टाइप केले असता चांगली यादी साधारण अशी दिसते : पहिल्या ओळीत ‘6205 : उघडे’, दुसऱ्या ओळीत ‘6205 : पत्रा’, तिसऱ्या ओळीत ‘6205 : रबर’, चौथ्यात ‘6205 C3’, आणि प्रत्येकापुढे २५×५२×१५ हे माप. म्हणजे काउंटरवरचा ‘पत्र्याचं का रबराचं?’ हा प्रश्न सूचनेतच विचारून झाला. 62 एवढेच टाइप झाले असेल, तर सगळे क्रमांक ओतण्यापेक्षा जास्त खपणारे चार-पाच दाखवावेत. पण पूर्ण क्रमांक टाइप झाल्यावर खपाचा विचार बाजूला ठेवायचा. 6204 कितीही खपत असले, तरी 6205 विचारणाऱ्याला ते वर दिसता कामा नये. आणि जी सूचना दाबल्यावर ‘काही सापडले नाही’ असे येते, ती दाखवायचीच नाही.

सूचनांमध्ये एक दोष वारंवार आढळतो आणि तो कार्यालयातल्या वेगवान वायफायवर दिसत नाही. ग्राहक 620 टाइप करतो, फोन सर्व्हरला विचारतो. तेवढ्यात तो 5 दाबतो, फोन पुन्हा विचारतो. गावात नेटवर्क कमजोर असेल तर दुसरे उत्तर आधी येते आणि पहिले नंतर. उशिरा आलेले जुने उत्तर नव्या यादीवर बसते. चौकटीत 6205 लिहिलेले असते आणि खाली 6200 ते 6209 ची सरमिसळ दिसते. ग्राहक वरची ओळ दाबतो आणि भलत्याच नगावर जातो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक विचारणेला क्रमांक द्यायचा आणि शेवटच्या विचारणेचे उत्तर सोडून बाकीची फेकून द्यायची. शिवाय प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे न धावता, बोट सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढे थांबले की मगच विचारायचे. त्याने नेटवरचा भारही कमी होतो.

दुसरा शत्रू फोनच्या कीबोर्डमध्येच बसलेला असतो. तो शब्द आपोआप ‘सुधारतो’. DDU किंवा LLU ही अक्षरे त्याला चुकीचे शब्द वाटतात आणि तो ती बदलतो. सर्चच्या चौकटीत ही सुधारणा बंद करण्यासाठी एवढेच पुरते :

```html
<input type="search" autocomplete="off"
  autocorrect="off" autocapitalize="off"
  spellcheck="false">
```

काही जण चौकटीवर फक्त आकड्यांचा कीबोर्ड आणतात. तेही टाळावे, कारण क्रमांकात अक्षरे असतात आणि ग्राहक ‘पंप बेरिंग’ असेही लिहितो.

फिल्टरची कल्पना कुठून आली?

एखादी वस्तू एकाच कप्प्यात न ठेवता तिच्या अनेक पैलूंवरून शोधायची, ही पद्धत ग्रंथालयशास्त्राने रुजवली आणि त्यात सर्वांत मोठे नाव भारतीय आहे. मद्रासचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये ‘कोलन क्लासिफिकेशन’ प्रसिद्ध केले. पुस्तकाला एकाच झाडाच्या एका फांदीवर न टांगता विषय, पदार्थ, क्रिया, स्थळ, काळ अशा पैलूंनी त्याची ओळख ठरवायची, हा त्यामागचा विचार. आज वेबसाइटच्या डाव्या बाजूला किंवा मोबाइलवर तळातून वर येणाऱ्या पट्टीत दिसणारे फिल्टर त्याच विचाराच्या घरातले आहेत.

सुट्या भागांत पैलू विभागानुसार बदलतात. बेअरिंगला आतले माप, बाहेरचे माप, झाकण आणि फट हवी. व्ही-बेल्टला सेक्शन आणि लांबी हवी. B52 म्हणजे बी सेक्शनचा, ५२ इंची पट्टा. बेल्ट पाहणाऱ्याला ‘झाकण’ हा फिल्टर दाखवणे म्हणजे पडद्यावरची जागा फुकट घालवणे. म्हणून आधी विभाग ठरवून मगच त्या विभागाचे फिल्टर दाखवावेत. आतल्या मापासाठी सरकपट्टी देऊ नये. बोटाने ती २५ वर नेमकी थांबत नाही, आणि २४.६ मापाचे बेअरिंग कोणी मागत नाही. २०, २५, ३० अशी यादी द्यावी.

फिल्टरसमोरच्या कंसातल्या आकड्यात चूक कशी होते?

समजा 6205 शोधल्यावर २४ नोंदी आल्या. झाकणानुसार उघडे ४, पत्रा ११, रबर ९. कंपनीनुसार क १०, ख ८, ग ६. ग्राहकाने ‘रबर’ निवडले. आता यादीत ९ नोंदी राहतील आणि कंपन्यांसमोरचे आकडे त्या नऊपुरते बदलतील, उदाहरणार्थ क ४, ख ३, ग २. इथवर सोपे आहे.

पण ‘झाकण’ या गटातले आकडे काय व्हावेत? घाईत बांधलेल्या वेबसाइटवर तिथे उघडे ०, पत्रा ०, रबर ९ असे दिसते, कारण हिशेब उरलेल्या नऊ नोंदींवरच केलेला असतो. ग्राहकाला वाटते, पत्र्याचे बेअरिंग दुकानात नाहीच. तो निघून जातो आणि प्रत्यक्षात अकरा नोंदी तशाच पडून राहतात. बरोबर पद्धत अशी, की एखाद्या गटाचे आकडे काढताना त्याच गटातली निवड बाजूला ठेवायची आणि बाकीच्या गटांतली निवड धरायची. मग रबर निवडल्यावरही ‘पत्रा (११)’ दिसत राहते. ग्राहकाने पत्राही निवडला, तर एका गटातल्या दोन निवडी ‘किंवा’ने जोडायच्या. रबर किंवा पत्रा, मिळून २०. पुढे त्याने कंपनी क निवडली, तर वेगळ्या गटातली निवड ‘आणि’ने जोडायची. आपल्या उदाहरणात कंपनी क चे रबर ४ आणि पत्रा ४ असतील, तर ८ नोंदी राहतात.

मोबाइलवर फिल्टरची पट्टी यादी झाकते, त्यामुळे निवडीचा परिणाम दिसत नाही. म्हणून खालच्या बटणावर ‘लागू करा’ असे लिहिण्याऐवजी ‘८ नोंदी दाखवा’ असे लिहावे. आकडा निवडीबरोबर बदलत राहिला की ग्राहक शून्यापर्यंत पोहोचण्याआधीच थांबतो.

माहितीच अर्धवट असेल तर?

फिल्टरचे हे सर्वांत धोक्याचे ठिकाण, कारण इथे चूक दिसत नाही. समजा त्या २४ पैकी ५ नोंदींत आतले माप भरलेलेच नाही. ग्राहकाने ‘२५ मिमी’ निवडले की त्या पाच गुपचूप गायब होतात. कुठे लाल अक्षर नाही, ‘सापडले नाही’ असा संदेश नाही. माल गोदामात आहे आणि वेबसाइटवर नाही.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या गटात प्रत्येक नगाला एकच उत्तर असू शकते, त्या गटातल्या आकड्यांची बेरीज एकूण नोंदींइतकी आली पाहिजे. २४ च्या जागी १९ येत असेल, तर पाच नोंदी रिकाम्या आहेत. त्या भरेपर्यंत ‘माप नोंदलेले नाही (५)’ असा पर्याय यादीत ठेवणे हा प्रामाणिक मार्ग. बेअरिंगसारख्या वस्तूंत क्रमांकावरून माप काढून काही रकाने आपोआप भरता येतात. पण कास्टिंग, बुश, इम्पेलर यांना असा सोपा नियम नाही. तिथे माणसाने व्हर्नियर घेऊन बसण्याला पर्याय नाही. चाळीस हजार नगांची यादी असेल तर सगळे एकदम मोजायला घेऊ नयेत. जे जास्त शोधले जातात, त्यांचे रकाने आधी भरावेत.

क्रमांकच पुसला गेला असेल तर?

जुना नग हातात आहे, पण त्यावरचा क्रमांक गंजाने गेला आहे, असे नेहमी होते. मग मिस्त्री व्हर्नियर लावून मोजतो आणि 25 52 15 असे टाइप करतो. इथे आधीचा कडक नियम थोडा सैल करावा लागतो. छापलेला क्रमांक हे नाव आहे, तो तंतोतंत जुळला पाहिजे. मोजलेले माप हा अंदाज आहे, त्यात थोडा फरक येणारच. कडी झिजली असेल तर ५२ च्या जागी ५१.९ भरते. म्हणून मापाच्या शोधात अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे चालवावे आणि उत्तरात मूळ माप ठळक दाखवावे.

रबराच्या ऑइल सीलला मात्र हे लागू पडत नाही. तेलात राहून रबर फुगते, ताणते, कडक होते. जुन्या सीलचे आतले माप भरवशाचे नसते. तिथे शाफ्ट आणि घर मोजायला सांगणारी एक ओळ चौकटीखालीच लिहिलेली बरी.

सर्च नीट चालतो हे दुकानदाराला कसे कळणार?

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. चाळीस हजार नोंदी संगणकाच्या दृष्टीने थोड्याच आहेत. पोस्टग्रेससारखा फुकट मिळणारा डेटाबेसही तेवढे काम करतो. लागते ती दोन प्रकारची शिस्त.

पहिली, चाचणीची वही. दुकानात आलेल्या खऱ्या मागण्यांतून दोनशे ओळी जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या. चुकीच्या स्पेलिंगसकट, व्हॉट्सॲपवर आल्या तशा. प्रत्येकीसमोर बरोबर नग कोणता ते काउंटरवरच्या अनुभवी माणसाकडून लिहून घ्यायचे. सर्चमध्ये काहीही बदल केला की या दोनशे ओळी पुन्हा चालवायच्या आणि बरोबर नग पहिल्या तीनांत येतो का ते मोजायचे. त्यात वीस-पंचवीस ओळी अशाही ठेवाव्यात, ज्यांचे बरोबर उत्तर ‘आमच्याकडे नाही’ असे आहे. तिथे संगणकाने काहीतरी दाखवले, तर चूक-माफी पुन्हा क्रमांकात शिरली आहे असे समजावे.

दुसरी, रिकाम्या उत्तरांची यादी. ज्या शोधांना काहीच सापडले नाही, ते दर आठवड्याला वाचायचे. त्यात तीन प्रकार निघतात. वस्तू आहे पण नाव वेगळे, तर समान शब्दांच्या यादीत भर घालायची. क्रमांक जुना झाला आणि कंपनीने नवा दिला, तर जुना क्रमांक त्याच नगाला जोडून ‘याऐवजी आता हा’ असे लिहायचे. आणि वस्तू खरोखरच नाही, तर ती खरेदीची यादी.

या दोन्हींतून न दिसणारी एक गोष्ट परत आलेल्या पार्सलांत दिसते. प्रत्येक परतीवर ‘मागितले काय, पाठवले काय आणि ग्राहकाने शोधले काय’ हे तीन रकाने लिहून ठेवावेत. ग्राहकाने 6205 शोधले आणि 6206 घेतले, अशी एक जरी ओळ सापडली, तरी तो दोष ग्राहकाचा धरू नये. काउंटरवरच्या माणसाने त्या क्षणी पुन्हा विचारले असते. सर्चनेही तिथे तेवढेच करायचे असते.